उच्चाराचं ॲप ९४ गुण देतं, पण कॉलवर समोरच्याला उलटंच ऐकू येतं

मृदुला_पुणे

नमस्कार मंडळी. मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळे इंग्रजी वाचायला-लिहायला अडचण नाही, पण बोलायची सवय नोकरीतच लागली. आमचा क्लायंट ओहायोमधला आहे आणि रोज संध्याकाळी कॉल असतो. उच्चार सुधारावेत म्हणून बरेच दिवस एक ॲप वापरतेय. ते वाक्य दाखवतं, मी वाचते, मग अक्षरं हिरवी, पिवळी, लाल होतात आणि वर टक्केवारी येते. माझा 'थिंक'मधला थ कायम लाल, 'व्हेरी'मधला व कधी पिवळा कधी लाल. बाकी बहुतेक हिरवं.

गेल्या आठवड्यात मी कॉलवर सांगितलं, "वुई कॅन टेस्ट द पेमेंट पेज ऑन ट्यूसडे." तिकडच्या मॅनेजरने नोंद केली की मंगळवारी टेस्टिंग होऊ शकत नाही, आणि रिलीज पुढे ढकलला. दुसऱ्या दिवशी मिनिट्स वाचल्यावर मला कळलं. घरी येऊन तेच वाक्य ॲपमध्ये वाचलं तर ९४. फोनच्या व्हॉइस टायपिंगमध्ये बोलले तर शब्दन् शब्द बरोबर उमटला.

आता दोन दोन यंत्रं म्हणतात उच्चार चांगला आहे, आणि माणसाला नेमका उलटा अर्थ ऐकू आला. या गुणांवर किती विसंबायचं? आणि लाल झालेल्या थ आणि व वर मेहनत घ्यायची की आणखी कशावर?

हडपसरकर

मी बरीच वर्षं कॉल सेंटरमध्ये व्हॉइस ट्रेनर होतो. तुमचा प्रॉब्लेम सरळ एमटीआयचा आहे, म्हणजे मातृभाषेची छाप. थ आणि व हे मराठी माणसाचे दोन ठरलेले दोष. जीभ दातांच्या मध्ये आणून हवा सोडायची, आरशात बघून करायचं. 'व्हेरी'ला खालचा ओठ वरच्या दातांना लागला पाहिजे, 'वेल'ला ओठांचा चंबू. ॲपमध्ये दोन्ही हिरवे होईपर्यंत पुढचा धडा उघडू नका. आणि कॉलवर सावकाश, प्रत्येक शब्द सुटा आणि ठासून बोला. माझ्या बॅचेसना याचा फायदा झालेला मी पाहिला आहे.

सांगलीचे_काका

विषय चांगला काढलात. मी फोनवर मराठी बोलून टाइप करतो, उत्तम चालतं. माझा नातू न्यू जर्सीला आहे, सात वर्षांचा. त्याला ळ येत नाही, 'मला वेल नाही' म्हणतो. सुनेने त्याला फोनवर मराठीत बोलायची सवय लावली आहे, आणि फोन 'मला वेळ नाही' असं बरोबर लिहितो. म्हणून ती म्हणते सुधारला. मला तर व्हिडिओ कॉलवर 'वेल'च ऐकू येतं. माझे कान गेले की काय, अशी शंका येते.

ध्वनिलहरी

काका, तुमचे कान शाबूत आहेत, आणि तुमचा प्रश्न मृदुलाच्या प्रश्नाचाच अर्धा भाग आहे. मी बंगळूरला बोलणं ओळखणाऱ्या यंत्रणांवर काम करते, तेव्हा थोडं सविस्तर लिहिते.

व्हॉइस टायपिंगचं काम तुमचा उच्चार तपासणं हे नाहीच. तुम्हाला काय लिहायचं असेल, ते ओळखणं हे त्याचं काम. त्यासाठी ते आवाज ऐकतं आणि त्याच वेळी कोणता शब्द कोणत्या शब्दांच्या शेजारी येतो याचाही हिशेब करतं. 'मला वेळ नाही' हे त्याने असंख्य वेळा पाहिलंय, 'मला वेल नाही' जवळपास कधीच नाही. म्हणून नातवाने ल म्हटलं तरी ते ळ लिहितं. त्याच्या कामाच्या दृष्टीने ते बरोबरच वागलं, पण त्यावरून उच्चाराचा निकाल लावता येत नाही. नातवाला नुसता एकेक शब्द बोलायला सांगा, 'वेल' आणि 'वेळ', 'काल' आणि 'काळ', उलटसुलट क्रमाने. वाक्याचा आधार काढून घेतला की फोन पुष्कळ जास्त प्रामाणिक होतो.

आता गुण देणारं ॲप. ते अगदी उलट बाजूने चुकतं. त्याला वाक्य आधीपासून माहीत असतं, कारण पडद्यावर त्यानेच दाखवलेलं असतं. ते तुमच्या रेकॉर्डिंगचे ध्वनीगणिक तुकडे पाडतं: हा क, हा ॲ, हा न. मग प्रत्येक तुकड्याबद्दल विचारतं, की माझ्याकडच्या नमुन्यांशी ताडता हा तुकडा अपेक्षित ध्वनीसारखा किती आणि दुसऱ्या एखाद्या ध्वनीसारखा किती. केंब्रिजमधल्या सिल्के विट आणि स्टीव्ह यंग यांनी २००० साली ही पद्धत नीट मांडली, आणि आजही बऱ्याच ॲप्सच्या पोटात तिचंच कुठलं ना कुठलं रूप असतं. जे गुणोत्तर येतं त्याचं टक्क्यांत रूपांतर कंपनी आपल्या पट्टीने करते. म्हणून ९४ चा अर्थ शंभरातल्या चौऱ्याण्णव लोकांना कळलं असा होत नाही. ते नमुने कोणाचे होते, अमेरिकनांचे की भारतीयांचे, यावर तो आकडा पुष्कळ हलतो.

मृदुला, तुझ्या वाक्याकडे येते. अमेरिकन माणूस होकारार्थी बोलताना 'कॅन' असं सहसा ठासून म्हणत नाही. तो 'क्‌न' म्हणतो, स्वर जवळपास गिळलेला, आणि सगळं वजन पुढच्या 'टेस्ट'वर टाकतो. नकार असेल तेव्हा 'कॅन्ट'मधला ॲ पूर्ण आणि लांब येतो, आणि शेवटचा ट बहुतेक वेळा फुटतच नाही. तुझ्या वाक्यात तर पुढचा शब्दच ट ने सुरू होतो, म्हणजे आधीचा ट वेगळा ऐकू यायची सोयच नाही. तेव्हा ओहायोतला माणूस होकार-नकार ट वरून ठरवत नाही, तो स्वराच्या वजनावरून ठरवतो. आपण सगळे शब्द सारख्या वजनाने बोलतो. तू स्वच्छ, पूर्ण 'कॅन' म्हणालीस आणि त्याला नकार ऐकू आला.

ॲपने ९४ दिले कारण क, ॲ, न हे तिन्ही ध्वनी तू चोख काढलेस. शब्दकोशात 'कॅन'चे दोन्ही उच्चार बरोबर असतात, आणि वाक्यात कुठला शब्द हलका हवा याला त्याच्या हिशेबात जागा नव्हती. काही ॲप्स लय आणि चढउताराचा वेगळा आकडा देतात, तुझ्याकडे तो दिसतो का बघ.

हडपसरकर, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून सांगते: प्रत्येक शब्द सुटा आणि ठासून बोला हा सल्ला या ठिकाणी नडतो. ठासलेला 'कॅन' हीच तर इथली अडचण आहे.

हडपसरकर

'कॅन'चं पटलं. आम्ही 'वीक फॉर्म्स' म्हणून एक सेशन घ्यायचो, पण ते शेवटी आणि घाईत. तरी थ वरची मेहनत सोडून द्या असं तुमचं म्हणणं असेल, तर ते मला मान्य नाही. कस्टमर थ ऐकूनच ओळखतो की कॉल भारतातून आलाय, आणि त्याचा सूर बदलतो. हे मी कानांनी ऐकलंय.

ध्वनिलहरी

हे तुम्ही ऐकलं असणारच, आणि ते खरं आहे. पण ती वेगळी गोष्ट झाली. माणूस कुठला आहे हे ओळखू येणं एक आणि तो काय म्हणाला ते कळणं दुसरं. मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी १९९५ मध्ये कॅनडात हे वेगळं करून दाखवलं. इंग्रजी श्रोत्यांना परभाषिकांची वाक्यं ऐकवली, ऐकलेलं लिहून काढायला सांगितलं, आणि बोलण्याची ढब किती परकी वाटली व समजायला किती कष्ट पडले याचे वेगवेगळे आकडे घेतले. पुष्कळ वाक्यं अशी निघाली की ज्यांना श्रोत्यांनी 'फार परकं' म्हटलं आणि तरीही शब्दन् शब्द बरोबर लिहिलं.

थ चंही तसंच आहे. मराठी थ ने 'थिंक' म्हटलं तर ते परकं वाटेल, पण दुसरा शब्द ऐकू येण्याची शक्यता फार कमी. जेनिफर जेनकिन्स यांनी २००० च्या सुमारास, वेगवेगळ्या देशांचे लोक एकमेकांशी इंग्रजी बोलताना नेमकं कुठे अडतात ते तपासून एक यादी केली. तिच्यात त्यांनी हा थ वगळला. शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क हवेच्या झोतासकट यावेत, स्वरांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद टिकावा आणि वाक्यातलं मुख्य वजन योग्य शब्दावर पडावं, या गोष्टी मात्र ठेवल्या. मृदुलाच्या ॲपला या प्राधान्याचा पत्ता नाही. त्याला लाल थ आणि लाल प सारखेच.

नर्सताई_लीड्स

मी मूळची रत्नागिरीची, आता इंग्लंडमध्ये वॉर्डवर काम करते. इथे येण्याआधी मीही ॲपवर घासघास घासलं. पण इथे माझे श्रोते कोण, तर ऐंशीच्या पुढचे यॉर्कशरचे आजी-आजोबा, अर्ध्यांना ऐकू कमी येतं. वयाने कान जातात तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणजे स, फ, थ यांची नुसती हवा. तेव्हा माझा थ कितीही हिरवा असला तरी तो त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. त्यांना कळतं ते समोर उभं राहून, तोंड दिसेल असं, महत्त्वाच्या शब्दाआधी किंचित थांबून बोललं की.

दुसरी गोष्ट औषधाच्या डोसची. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी'. आपण 'फिफ्टीन'चं वजन पहिल्या अक्षरावर टाकतो आणि शेवटचा न हलका सोडतो, की झालं पन्नास. आम्ही 'फिफ्टीन, वन फाइव्ह' असं अंक सुटे करून सांगतो आणि समोरचीकडून परत म्हणवून घेतो. इथल्या जन्मलेल्या नर्सही हेच करतात. उच्चार कितीही सुधारला तरी मी ही पद्धत सोडणार नाही. मृदुला, होकार-नकारासाठी तूही 'यस, वुई कॅन' किंवा 'वुई आर एबल टू' असं म्हणून बघ, आणि नकार असेल तेव्हा पूर्ण 'कॅनॉट' म्हण.

कोडकिडा

सोपा उपाय सांगतो. व्हॉइस टायपिंगची भाषा इंग्रजी-अमेरिका ऐवजी इंग्रजी-भारत करा, ॲपमध्ये तशी सोय असेल तर तिथेही. चुका एकदम कमी होतात. म्हणजे उच्चार मुळात ठीकच होता, यंत्रच पक्षपाती होतं. २०२० मध्ये अमेरिकेत पाच मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणा तपासल्या होत्या, तेव्हा गोऱ्या लोकांच्या बोलण्यात सरासरी १९ टक्के शब्द चुकले आणि कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५ टक्के. तेही अमेरिकनच, इंग्रजी त्यांची मातृभाषाच. मग आपलं काय घेऊन बसलात?

ध्वनिलहरी

तो अभ्यास खरा आहे, आणि सगळ्यांनी लक्षात ठेवावा असाच आहे. यंत्राला न कळणं म्हणजे बोलणाऱ्याचा दोष, असं धरता येत नाही. पण तू उलटी उडी मारलीस. भारतीय नमुन्यांवर शिकलेल्या यंत्राला कळलं, याचा अर्थ भारतीय कानांना कळेल. ओहायोतल्या कानांबद्दल त्यातून काहीच समजत नाही. दोन्ही सेटिंग ठेवून तेच शब्द बोलून बघणं मात्र फार उपयोगी. जिथे इंग्रजी-भारत बरोबर लिहितं आणि इंग्रजी-अमेरिका वारंवार एकच ठरावीक चूक करतं, तिथे काहीतरी हाताला लागण्याची शक्यता असते. एखाद्या वेळची चूक सोडून द्यायची, पुन्हा पुन्हा येणारी तीच चूक टिपून ठेवायची.

मृदुला_पुणे

सगळ्यांचे आभार, खूप उलगडा झाला. माझ्या ॲपमध्ये लयीचा वेगळा आकडा नाही. पण मग ॲपला काय कळतं आणि काय नाही हे आपण घरी ओळखायचं कसं?

ध्वनिलहरी

ॲपचीच परीक्षा घे. मुद्दाम चुकीचं बोल आणि ते पकडतं का बघ.

पहिली चूक ध्वनीची. पडद्यावर 'व्हेरी' असताना जाणूनबुजून 'बेरी' वाच. हे बहुतेक ॲप्स पकडतात. दुसरी वजनाची. 'डेव्हलप' या शब्दात वजन मधल्या भागावर हवं, 'डिव्हेऽलप' असं. आपण पहिल्यावर टाकतो. तू ते मुद्दाम पहिल्यावर जोराने टाकून वाच. गुण हलले नाहीत, तर त्याला वजन ऐकू येत नाही असं समज. तिसरी, वाक्यात 'कॅन' दिसत असताना 'कॅन्ट' वाच. त्यावरही नव्वदच्या आसपास आले, तर या बाबतीत त्याचं मत विचारायचंच नाही. शेवटी एक वाक्य अगदी सुटंसुटं, शाळेतल्या श्रुतलेखनासारखं वाच. पुष्कळदा गुण वाढतात, कारण तुकडे पाडायला ते सोपं जातं, आणि कॉलवर तसं बोललेलं ऐकायला मात्र अवघड असतं.

एवढं झालं की ॲप कशाला वापरायचं ते तुलाच दिसेल. एखादा नवा शब्द मुळात कसा म्हणतात, एखादा ध्वनी आपण गाळतोय का, एवढ्यापुरतं ते चांगलं आहे.

खरी तपासणी माणसावर. 'वी कॅन / वी कॅन्ट', 'फिफ्टीन / फिफ्टी' आणि तुझ्या कामातले गोंधळाचे शब्द घेऊन वीसेक वाक्यं चिठ्ठ्यांवर लिही. प्रत्येक वाक्य दोन्ही अर्थांनी शक्य असलं पाहिजे, नाहीतर ऐकणारा अंदाजाने भरून काढेल. चिठ्ठ्या मिसळ, नेहमीच्या वेगाने वाच, रेकॉर्ड कर, आणि तुझ्या आवाजाची सवय नसलेल्या अमेरिकन माणसाला पाठव. त्याला गुण मागू नकोस, मत मागू नकोस. ऐकलं ते लिहून दे, एवढंच सांग.

सांगलीचे_काका

ताई, तुमच्या सांगण्याप्रमाणे नातवाला एकेक शब्द बोलायला लावला. 'वेळ' म्हणाला की फोन बहुतेक 'वेल' लिहितो. सुनेलाही दाखवलं. आता एक आणखी. 'चार' आणि 'चारा' यांतला च तो एकसारखाच म्हणतो, 'चारा'ला इंग्रजी 'चेअर'मधला च लावतो. 'जग'चंही तेच, पाण्याचा जग आणि हे सारं जग एकच करून टाकतो. ते फोनवर कसं तपासायचं?

ध्वनिलहरी

काका, ते फोनवर तपासता येणार नाही. दोन्ही च आपण एकाच अक्षराने लिहितो, तेव्हा त्याने कुठलाही म्हटला तरी पडद्यावर 'चारा'च उमटेल. लिपीत जो भेद नाही तो लिहून दाखवणाऱ्या यंत्रातून दिसायचा नाही. इथे तुम्हीच ऐकायचं. व्हिडिओ कॉलवर तुम्ही 'चारा' म्हणा, त्याने तुमच्यामागून म्हणायचं, आणि 'चमचा', 'चाक', 'चूक' असे रोजचे शब्द त्यात घ्या.

हडपसरकर

एक अडचण मांडतो, तिच्यावर कोणी बोलत नाही. नोकरीच्या पहिल्या फेरीत आता यंत्रच बोलणं ऐकून गुण देतं. माणूस नंतर येतो, आणि तोही पास झालेल्यांपुरताच. माझ्याकडे खेड्यातून आलेली मुलं असायची, समोर बसून बोलली तर काय सांगतात ते स्वच्छ कळायचं, आणि यंत्राच्या फेरीत गळायची. त्यांना मी काय सांगू? परक्या ढबीने बिघडत नाही म्हणून?

नर्सताई_लीड्स

माझ्या वेळी मी ओईटी, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांची इंग्रजीची परीक्षा, दिली होती. तिच्या बोलण्याच्या भागाचे गुण माणसं देतात, आणि त्यात 'समजण्याजोगं बोलणं' हा वेगळा निकष असतो. परकी ढब असली तर चालते, तिने ऐकणाऱ्याला ताण पडतो का ते बघतात. नोकरीच्या परीक्षांमध्येही असं का करत नाहीत?

ध्वनिलहरी

खर्चामुळे, दुसरं कारण मला दिसत नाही. हडपसरकर, तुमच्या मुलांना जिथे यंत्रच परीक्षक आहे तिथे यंत्रासाठीच तयारी करावी लागेल. वाक्य मधे न अडखळता एका दमात पूर्ण करणं, शब्द न गाळणं, खोली शांत असणं, याने गुण वाढतात. एवढं नक्की करून घ्या. पण तो गुण मुलाच्या डोक्यात 'माझं बोलणं वाईट' असा बसू देऊ नका. कंपन्यांनी गळालेल्यांपैकी काही मुलांना माणसासमोर बसवून यंत्राचा निकाल ताडून बघायला हवा, असं मला मनापासून वाटतं. माझ्या हातात ते नाही.

हडपसरकर

तुमच्या आणि माझ्या दोघांच्याही हातात नाही, तीच तर गोष्ट. असो. खोलीवरून आठवलं, मुलं ब्लूटूथचे इअरफोन लावून परीक्षा द्यायची आणि त्यांचे गुण हमखास कमी यायचे. मी वायरवाले द्यायचो.

ध्वनिलहरी

अगदी योग्य करायचात. ब्लूटूथचा माइक सुरू झाला की इअरफोन फोनकॉलच्या मोडमध्ये जातो आणि आवाजाचे सेकंदाला सहसा १६ हजार, जुन्या उपकरणांत फक्त ८ हजार नमुने घेतले जातात. ८ हजार असतील तर ४००० हर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं, आणि स ची बरीचशी सळसळ त्याच्याही वर असते. मग स, फ, थ यंत्राला सारखेच दिसू लागतात. मृदुला, तू रोज कशावर सराव करतेस? थ लाल येण्यात त्याचाही हात असू शकतो.

मृदुला_पुणे

ब्लूटूथच! वायरवाले लावून पाहिलं. 'सिक्स' आणि 'फेस' पूर्वी कधी कधी पिवळे यायचे ते हिरवे झाले. थ अजून लालच आहे, म्हणजे तो खरोखर माझा आहे.

आता चिठ्ठ्यांचं सांगते. मावसभाऊ कोलंबसला असतो, त्याच्या ऑफिसमधल्या दोघांनी ऐकून लिहून दिलं. 'थर्सडे', 'थ्री', 'मंथ' सगळे थ बरोबर लिहिलेत, एकही चुकलेला नाही. 'कॅन' मात्र जवळजवळ निम्म्या ठिकाणी दोघांनीही 'कॅन्ट' लिहिलाय. ते अपेक्षितच होतं. पण एक भलतंच निघालं. 'द पॅच फेल्ड' असं मी वाचलं होतं आणि दोघांनीही 'द बॅच फेल्ड' लिहिलं. आमच्या कामात दोन्ही रोज होतं! ॲपमध्ये 'पॅच' हिरवा. व्हॉइस टायपिंगला इंग्रजी-भारतमध्ये 'पॅच' येतो, इंग्रजी-अमेरिकामध्ये बऱ्याचदा 'बॅच'.

ध्वनिलहरी

हा तुझ्या सगळ्या तपासणीतला सर्वांत मोलाचा सापडलेला शब्द आहे. मराठी प मध्ये ओठ उघडले की जवळपास लगेच स्वर सुरू होतो. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीच्या प मध्ये ओठ उघडल्यावर ५०-६० मिलिसेकंद नुसती हवा जाते आणि मग स्वर येतो. लिस्कर आणि अब्रॅमसन यांनी १९६४ मध्ये अकरा भाषांत हे अंतर मोजलं होतं, त्यांत मराठीही होती. इंग्रजी माणूस ब बोलतो तेव्हा त्याच्याकडे हवेची ही फट जवळजवळ नसते. म्हणून बिनहवेचा आपला प त्याच्या कानात ब च्या खणात जाऊन पडतो. 'पेमेंट'ला वाक्याने सांभाळून घेतलं, 'पॅच'ला सांभाळायला काही नव्हतं.

आपल्याला हवेचा झोत परका नाही, आपल्याकडे ख आणि ठ आहेतच. 'फळ' हा शब्द दात न लावता, दोन्ही ओठ मिटून म्हणणारी जुनी माणसं आठव. तो फ 'पॅच'च्या सुरुवातीला लावून बघ. ओठांसमोर कागदाची पट्टी धरलीस तर ती हलली पाहिजे.

कोडकिडा

मी हे प्राट नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये मोजून पाहिलं. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या लोकांनी केलेलं आहे ते. रेकॉर्डिंग उघडलं की लहरींचं चित्र दिसतं. ओठ उघडल्याची बारीक रेघ आणि स्वराच्या नियमित लाटा सुरू होतात ती जागा, यांमधला भाग माऊसने निवडला की वर सेकंदात आकडा येतो. माझ्या 'पॅच'ला ०.०१४, म्हणजे १४ मिलिसेकंद. फ सारखा म्हटल्यावर ५० च्या वर गेला आणि इंग्रजी-अमेरिकाने लगेच 'पॅच' लिहिलं. 'टेस्ट' आणि 'कोड'लाही असाच झोत द्यायचा ना? मग आता सगळ्याच प, ट, क ला देत सुटतो.

ध्वनिलहरी

'टेस्ट' आणि 'कोड'ला हो. सगळ्यांना नको. 'स्पॉट', 'स्टॉप', 'स्कूल' यांत स नंतरचा प, ट, क इंग्रजीतही बिनहवेचाच असतो, आपल्यासारखाच. तिथे झोत दिलास तर ऐकणाऱ्याला शब्द तुटल्यासारखा वाटेल. 'पेपर'मधला दुसरा प बिनवजनाचा आहे, त्यालाही नाहीसाच. शब्दाच्या सुरुवातीला किंवा वजनाच्या भागाच्या सुरुवातीला असेल तिथेच दे. मृदुलाच्या वाक्यात 'टेस्ट', 'पेमेंट', 'पेज' आणि 'ट्यूसडे' या चार ठिकाणी. आणि 'कॅन'चा क सोडून दे, कारण तो शब्दच हलका करायचा आहे.

मृदुला_पुणे

'पेज'चं लक्षातच आलं नव्हतं. 'स्टेज' आणि 'पेज' अशी वाक्यं घालून नवीन चिठ्ठ्या करतेय, भावाला रविवारी पाठवते. या वेळी त्याला नवे दोघं शोधायला सांगितलंय, आधीच्यांना आता माझ्या आवाजाची सवय झाली असेल.